बाथरूमचं लीकेज, मिस्त्रींचं वेळापत्रक आणि मी मागितलेलं घरून काम

रविवारी संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या आणि म्हणाल्या, जरा येऊन बघ गं, आमच्या बाथरूमच्या छताला ओल आलीये. खाली जाऊन बघितलं तर ताटाएवढा ओला डाग आणि मधोमध थेंब जमून खाली पडत होता. काकूंनी खाली बादली ठेवली होती. मी मोबाईलवर वेळ लावून बघितलं, साधारण दर वीस सेकंदांनी एक थेंब. आणि आमच्या बाथरूममध्ये दुपारनंतर कोणी पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची होती पण ते मला नंतर कळलं. थेंब फक्त अंघोळीनंतर पडत असतील तर सांडपाण्याची लाइन किंवा फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलेलं असण्याची शक्यता जास्त, पण कोणी पाणी वापरत नसतानाही थेंब चालू असतील तर बहुतेक वेळा भिंतीतली पाणी आणणारी लाइन फुटलेली असते, कारण तिच्यात चोवीस तास प्रेशर असतं. प्लंबरदादांना फोन केला तेव्हा त्यांनी आधी हेच विचारलं आणि सांगितलं की बाथरूमचा मेन कॉक रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी काकूंना बादली बघायला सांगा. सकाळी बादलीत जेमतेम पाणी होतं, थेंब जवळपास थांबले होते. म्हणजे लाइनच.

आता ऑफिसचं. आमच्याकडे आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जावंच लागतं, उरलेले दोन दिवस घरून चालतं पण ते दिवस टीमने ठरवलेले आहेत, सोमवार आणि शुक्रवार. आणि मी अकाउंट्समध्ये आहे, महिनाअखेरचं क्लोजिंग चालू होतं, त्या दिवसांत सगळ्यांनी रोज ऑफिसला यायचं असा अलिखित नियम, म्हणजे सोमवार-शुक्रवारची सवलतही त्या दोन आठवड्यांपुरती बंद. अशा वेळी मी सोमवारी सकाळी घाईघाईत सरांना मेसेज टाकला, "सर, घरात पाण्याचं मोठं लीकेज झालंय, भिंत फोडावी लागणार आहे, हा आठवडा घरून काम करू का?"

सरांचं उत्तर आलं, "काळजी घ्या. नक्की किती दिवस लागतील? मंगळवारी 11 ला सेल्स टीमबरोबर क्लोजिंगचा कॉल आहे, आणि गुरुवारी पेमेंट रिलीज आहे, त्याचं काय?"

माझ्याकडे यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. किती दिवस लागतील ते मलाच माहीत नव्हतं, मी "हा आठवडा" असं आपलं अंदाजाने लिहिलं होतं. आधी जरा वाईट वाटलं की घरात एवढं झालंय आणि हे कॉलचं काय विचारतायत, पण ऑफिसला जाताना विचार केला तर त्यांचे प्रश्न बरोबर होते. त्यांना मला नाही म्हणायचं नव्हतं, त्यांना फक्त कुठलं काम कोणत्या दिवशी अडणार हे कळायला हवं होतं. मी त्यांना उत्तर दिलं, "सर, संध्याकाळी प्लंबर बघून जातील, त्यानंतर रात्री दिवसवार सांगते." आणि सोमवारी नेहमीसारखी ऑफिसला गेले. कॉक बंद होता म्हणून खाली पाणी पडत नव्हतं, आणि दुसऱ्या टॉयलेटची लाइन वेगळी असल्यामुळे घरातलं काम भागत होतं, त्यामुळे हा एक दिवस मिळाला.

संध्याकाळी प्लंबरदादा आणि त्यांच्याबरोबर टाइल्सचं काम करणारे मिस्त्री दोघं आले. मी नेहमी विचारते तसं "किती दिवसांत होईल" एवढंच विचारलं तर मिस्त्री म्हणाले, होईल की आठ-दहा दिवसांत. आठ-दहा दिवस घरून काम कोण देणार! मग मी कागद-पेन घेऊन बसले आणि त्यांना एकेक टप्पा विचारत गेले. त्या दिवशी काय करणार, किती वाजता येणार, ठोकाठोकी किती वेळ, मी घरात असायलाच हवं का, आणि तुमचं काम झाल्यावर पुढचा टप्पा लगेच की मध्ये थांबायचं. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा निघाला, कारण त्यातून लक्षात आलं की आठ-दहा दिवसांतले निम्मे दिवस हे काम नसून वाळण्याची वाट बघणं आहे. त्या दिवशी घरात कोणी असो नसो, काही फरक पडत नाही.

कागदावर उतरलं ते असं. मंगळवारी भिंत फोडून लीकेज शोधायचं आणि तो तुकडा बदलायचा. आमची लाइन जुनी लोखंडी होती, तिच्या जागी सीपीव्हीसीची प्लास्टिक लाइन टाकायची, तिचे जोड सोल्यूशनने चिकटवतात आणि दादा म्हणाले रात्रभर तरी त्याला हात लावायचा नाही. बुधवारी सकाळी प्रेशर टेस्ट, मग भिंतीला प्लास्टर. गुरुवारी प्लास्टरवर फक्त पाणी मारायचं, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, ते मी ऑफिसच्या आधी आणि नंतर करू शकत होते. शुक्रवारी फोडलेल्या भागात आणि खालच्या कोपऱ्यात वॉटरप्रूफिंगचे दोन कोट, पहिला सकाळी आणि दुसरा पहिला सुकल्यावर आडवा. मग कोटाला पूर्ण सेट व्हायला तीन दिवस, ते आमच्या मटेरियलच्या डब्यावरच लिहिलेलं होतं, दुसऱ्या मटेरियलला वेगळं असू शकतं. सोमवारी रात्री बाथरूममध्ये पाणी भरून ठेवायचं, बुधवारी रात्रीपर्यंत म्हणजे 48 तास ठेवायचं आणि खाली झिरपतंय का बघायचं. गुरुवारी टाइल्स, शुक्रवारी संध्याकाळी सांधे भरायचे.

एवढं लिहिल्यावर मी त्यावर फुली मारत गेले. गुरुवारी ऑफिस. पुढच्या आठवड्यात सोमवार, मंगळवार, बुधवार ऑफिस, पाणी भरलेलं बाथरूम स्वतःचं स्वतः उभं राहतं आणि छत खालून काकू बघणार होत्याच. घरी असायलाच हवं असे दिवस उरले मंगळवार, बुधवार, शुक्रवार आणि पुढचा गुरुवार. चार दिवस.

त्यातही मंगळवारचा मी वेगळा विचार केला. भिंत फुटत असताना मी काम करू शकणार नव्हते, हे खरं होतं. ब्रेकर मशीन घरात चालू असताना कोणी कितीही म्हणालं की हेडफोन लावून करते तरी आकडे जुळवायचं काम होत नाही, आणि मध्ये मध्ये येऊन दादा विचारणार, ताई इथून फोडू का, अजून वर जाऊ का. ते तास घरून काम म्हणून दाखवायचे आणि प्रत्यक्षात काम करायचं नाही हे मला पटत नव्हतं, आणि त्यात धोका हाही होता की त्या दिवशी काम मागे पडलं असतं तर उरलेल्या सगळ्या दिवसांबद्दल सरांना शंका आली असती. म्हणून दादांना विचारलं, सकाळी दहाऐवजी बाराला सुरू केलं तर चालेल का? कॉक बंदच होता, दोन तासांनी काही बिघडणार नव्हतं. आमच्या इमारतीत दुपारी 2 ते 4 ठोकाठोकीला बंदी आहे, त्यामुळे फोडाफोडी 12 ते 2 आणि मग 4 नंतर असं जमत होतं. म्हणजे 11 चा कॉल मी शांतपणे घरून करू शकत होते आणि बारानंतर हाफ डे रजा.

रात्री साडेनऊला सरांना मेल केला. तो इंग्रजीत होता पण मजकूर साधारण हा:

"सर, सकाळी अर्धवट माहितीवर मेसेज केला होता, आता पूर्ण सांगते. बाथरूमच्या भिंतीतली पाण्याची लाइन फुटली आहे आणि खालच्या घरात पाणी उतरत होतं, सध्या कॉक बंद करून थांबवलंय. दुरुस्ती टप्प्याटप्प्याने आहे आणि घरात माझ्याशिवाय दुसरं कोणी दिवसा नाही. मला पुढचे दिवस हवे आहेत. मंगळवारी सकाळी घरून काम, 11 चा कॉल मी घेईन, 12 नंतर हाफ डे रजा. बुधवारी आणि शुक्रवारी पूर्ण दिवस घरून काम. पुढच्या गुरुवारी पूर्ण दिवस घरून काम. बाकी सर्व दिवस मी ऑफिसमध्ये आहे, या गुरुवारच्या पेमेंट रिलीजलाही. बुधवारी सकाळी 10 ते 12 घरात मशीनचा आवाज असेल, त्या वेळेत मी चॅटवर असेन पण बोलायचे कॉल 12 नंतर ठेवले तर बरं. पुढच्या गुरुवारचं पेमेंट रिलीज ऑफिसच्या नेटवर्कशिवाय होत नाही, त्यासाठी टीममधल्या सहकारिणीशी बोलले आहे, बुधवारी संध्याकाळी मी पेमेंटची बॅच तयार करून तिच्याकडे देईन. घरचं इंटरनेट गेलं तर मोबाईलचा हॉटस्पॉट आहे. पाण्याच्या टेस्टमध्ये काही निघालं तर तारखा बदलू शकतात, तसं झालं तर त्याच दिवशी सकाळी कळवेन."

मेल लांब वाटतो पण यातली प्रत्येक ओळ सरांच्या कुठल्या ना कुठल्या प्रश्नाचं उत्तर होती. विशेषतः जे काम घरून होतच नाही ते आपण स्वतःहून सांगणं. सकाळी मला वाटत होतं की पेमेंटचा विषय काढला तर नाही म्हणतील, म्हणून मेसेजमध्ये तो मुद्दाम टाळला होता, आणि त्यांनी नेमका तोच प्रश्न विचारला. आणि सहकारिणीशी मेल पाठवण्याआधी बोलले, नंतर नाही. आधी मेलमध्ये तिचं नाव टाकून मग तिला सांगायचं हे अजिबात करू नये, तिलाही तिची कामं असतात.

दहा मिनिटांत उत्तर आलं. "चालेल. पोर्टलवर टाका, अप्रूव्ह करतो." एवढंच.

पोर्टलवर टाकताना एक चूक झाली, ती पुढे सांगते.

मंगळवारी कॉल व्यवस्थित झाला. बाराला मशीन सुरू झालं. आधी नळाच्या मिक्सरच्या खालच्या दोन टाइल्स काढल्या, तिथे भिंत कोरडी. मग दादांनी भिंतीला हात लावून लावून ओल कुठे जास्त लागते ते बघितलं आणि गरम पाण्याच्या लाइनच्या बाजूला गेले. तिथलं प्लास्टर काढलं तर आत ओला चिखल झालेला आणि पाइप जिथे काटकोनात वळतो त्या एल्बोला गंजून सुईच्या टोकाएवढं भोक. दादांनी कॉक अगदी थोडा उघडून दाखवला, त्या भोकातून केसाएवढी बारीक पाण्याची धार सरळ माझ्या हातावर आली. एवढ्याशा भोकाने खालच्या घराचं छत भिजवलं होतं.

संध्याकाळी नवीन लाइन लागली. मिस्त्री म्हणाले, प्लास्टर आत्ताच मारून टाकू का, उद्याचा वेळ वाचेल. मी नाही म्हटलं, आणि याबद्दल मी ठाम होते कारण दादांनीच सोमवारी सांगितलं होतं की प्रेशर टेस्टच्या आधी भिंत बंद करायची नाही. बुधवारी सकाळी नऊला त्यांनी लाइनची टोकं बंद करून हातपंप जोडला, प्रेशर भरलं, घड्याळासारख्या गेजवर काटा चढला. मी काट्याचा फोटो काढला आणि लॅपटॉप उघडून बसले. तासाभराने परत फोटो. काटा जिथे होता तिथेच. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून बघितले आणि मग प्लास्टरला हो म्हटलं.

बुधवारीच तो प्रकार झाला ज्याची मी तयारी केली होती असं मला वाटत होतं. 10 वाजून 40 मिनिटांनी मी सहकारिणीला स्क्रीन शेअर करून बॅच समजावत होते, बोलत नव्हते, चॅटवर लिहीत होते, आणि मिस्त्रींनी टाइलच्या कडा सरळ करायला कटर लावला तो हॉलमधल्या सॉकेटला. एमसीबी पडली. राउटर बंद, स्क्रीन गेली. हॉटस्पॉट चालू केला, पण ऑफिसच्या सिस्टीमला परत लॉगिन, ओटीपी, व्हीपीएन जुळायला वेळ, पुन्हा सगळं उघडायला सातेक मिनिटं गेली. हॉटस्पॉट आहे असं मेलमध्ये लिहिलं होतं पण तो कधी ऑफिसच्या व्हीपीएनवर लावून बघितला नव्हता, ते मंगळवारी सकाळीच करून बघायला हवं होतं. मग मिस्त्रींना किचनमधला मोठा 16 अँपिअरचा सॉकेट दिला, त्याची एमसीबी वेगळी आहे, त्यानंतर एकदाही प्रॉब्लेम आला नाही. काम सुरू व्हायच्या आधी कुठल्या सॉकेटवर कुठली एमसीबी आहे ते बघून ठेवायला दोन मिनिटं लागतात.

धुळीचं पण तसंच. कटरची धूळ इतकी बारीक असते की दोन दारं बंद असतानाही बेडरूमच्या टेबलवर बोटाने रेघ ओढता येत होती. लॅपटॉपचा फॅन ती धूळ आत ओढतो, म्हणून मी दाराच्या फटीला ओला टॉवेल लावला, आणि कटर चालू असेल तेवढा वेळ लॅपटॉप गादीवर न ठेवता टेबलवरच ठेवला, खालची हवा अडू नये म्हणून. आणि एक, दादा किंवा मिस्त्री काही विचारायला खोलीत आले की आधी स्क्रीन लॉक. ती माणसं चांगली आहेत, प्रश्न त्यांचा नाही, पण माझ्या स्क्रीनवर लोकांचे बँक खाते नंबर असतात आणि ऑफिसमध्ये ते कोणाच्या नजरेस पडत नाहीत, तर घरात का पडावेत.

गुरुवारी ऑफिसला गेले, पेमेंट झालं. शुक्रवारी घरून काम, दोन्ही कोट लागले, तो दिवस सगळ्यात शांत होता, आवाज काहीच नाही, फक्त वासामुळे खिडक्या उघड्या. शनिवार, रविवार आणि सोमवारचा दिवस कोट सेट होऊ दिला. सोमवारी ऑफिसहून आल्यावर रात्री दहाला फरशीतलं पाणी जिथून जातं तो नहाणी ट्रॅप नीट बंद करून दोन इंच पाणी भरलं. पाण्याच्या पातळीला भिंतीवर पेन्सिलने बारीक रेघ मारली आणि बाजूला वेळ लिहिली.

मंगळवारी सकाळी सातला काकूंचा फोन. "अगं, परत ओल दिसतेय, पण आधीच्या जागी नाही, पाइपाच्या भोवती."

मी धावत जाऊन आधी पेन्सिलची रेघ बघितली. पाणी रेघेच्या जवळपास अर्धा इंच खाली होतं, नऊ तासांत. वाफ होऊन थोडंसं कमी होतं ते ठीक, पण एवढं नाही. पाणी कमी झालं म्हणजे लगेच वॉटरप्रूफिंग गेलं असंही नसतं, कधी कधी ट्रॅपचं बूच ढिलं असतं आणि पाणी सरळ ड्रेनमध्ये जातं, तेव्हा पातळी उतरते पण खालचं छत कोरडं राहतं. इथे छत ओलं होतं आणि ते ट्रॅपच्या पाइपाभोवती गोल ओलं होतं. दादांना फोटो पाठवला, ते म्हणाले ट्रॅप आणि स्लॅबच्या मधला सांधा आहे, फोडताना हादरे बसून सुटला असणार, किंवा आधीपासूनच सुटलेला असेल आणि आत्ता दिसला. जुना डाग मात्र कोरडा होता, म्हणजे लाइनचं काम बरोबर झालं होतं.

मला त्या क्षणी खूप थकल्यासारखं झालं. एक आठवडा गेला होता आणि परत तेच. पण ऑफिसला निघायच्या आधी सरांना सांगायला हवं होतं, आणि या वेळी मी मेसेज न टाकता आधी दादांशी पुढचे टप्पे ठरवून घेतले, वीस मिनिटं लागली. बुधवारी पाणी काढून सांध्याभोवती न आकसणारं ग्राउट भरायचं आणि तिथे परत कोट. गुरुवार, शुक्रवार, शनिवार सेट व्हायला. शनिवारी रात्री परत पाणी, सोमवारी रात्री 48 तास पूर्ण. मंगळवारी टाइल्स.

मग सव्वाआठला सरांना फोन केला. मेल नाही, फोन, कारण उद्याचाच दिवस बदलत होता. म्हटलं, "सर, टेस्टमध्ये दुसऱ्या जागी गळती निघाली. मला उद्या बुधवारी घरून काम लागेल, आणि पुढच्या मंगळवारी. पण परवा गुरुवारी जो दिवस मागितला होता तो आता नको, मी ऑफिसला येतेय, म्हणजे पेमेंट रिलीज मीच करेन." सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हणजे एकच दिवस वाढतोय ना?" हो, एकच. घरून कामाचे पूर्ण दिवस तीनाचे चार झाले. त्यांनी लगेच हो म्हटलं, आणि मला खात्री आहे की तो गुरुवार परत दिला म्हणूनच इतकं पटकन झालं. मिळालेला दिवस गरज नसताना ठेवून घेतला असता तर कोणाला कळलंही नसतं, पण मग पुढचा मंगळवार मागताना माझा आवाज तितका सरळ निघाला नसता. सहकारिणीलाही लगेच कळवलं की गुरुवारचं तुझ्याकडे येत नाहीये, तिने त्यासाठी तिची एक मीटिंग हलवली होती ती परत जागेवर आली.

दुसऱ्या वेळी पाणी भरलं तेव्हा रेघेवर माझी नजर सारखी जात होती. रविवारी दिवसभरात चार वेळा बघितलं. सोमवारी रात्री दहाला पाणी रेघेच्या जरासं खाली, जेमतेम नखाच्या जाडीएवढं, आणि काकूंनी खुर्चीवर चढून छताला हात लावून सांगितलं, कोरडं आहे. मंगळवारी टाइल्स लागल्या, दुपारपर्यंत आवाज होता तेवढा, तो कॉल नसलेलाच वेळ निवडला होता. बुधवारी संध्याकाळी मी आल्यावर सांधे भरले.

आता ती पोर्टलवरची चूक. आमच्याकडे हाफ डे रजा आणि त्याच दिवशी घरून काम असं असेल तर दोन वेगळ्या रिक्वेस्ट टाकाव्या लागतात. मी पहिल्या मंगळवारची रजा टाकली आणि सकाळच्या अर्ध्या दिवसाची घरून कामाची रिक्वेस्ट टाकायची राहिली. आणि दुसऱ्या आठवड्यात बुधवार फोनवर ठरला म्हणून तो पोर्टलवर टाकलाच नाही, रद्द झालेला गुरुवार मात्र तिथे अप्रूव्ह्ड दिसत होता. हजेरी बघितली तर मंगळवारी अर्धा दिवस आणि बुधवारी पूर्ण दिवस गैरहजर, आणि गुरुवारी घरून काम असताना ऑफिसमध्ये कार्ड पंच केलेलं, सिस्टीमने त्यावर लाल खूण केलेली. तसंच राहिलं असतं तर दीड दिवसाचा पगार कापला गेला असता. अकाउंट्समध्ये असल्यामुळे मला हे माहीत आहे की पगाराची शीट बंद होण्याची एक तारीख असते आणि त्यानंतर दुरुस्ती पुढच्या महिन्यावर जाते. सुदैवाने चार दिवस हातात होते. रेग्युलरायझेशनची म्हणजे हजेरी दुरुस्त करायची रिक्वेस्ट टाकली, त्याला माझा मूळ मेल आणि सरांचं "चालेल" जोडलं. फोनवर ठरलेल्या दिवसाचं काहीच लेखी नव्हतं, म्हणून सरांना विनंती केली की आपलं मंगळवारी सकाळी जे बोलणं झालं ते एका ओळीत मेलवर द्याल का, त्यांनी दिलं. हे मी फोन ठेवल्या ठेवल्या स्वतःच पाठवायला हवं होतं, "सर, आत्ता बोललो त्याप्रमाणे बुधवार आणि पुढचा मंगळवार घरून काम, हा गुरुवार रद्द", बस एवढी एक ओळ. एचआरने पुरावा म्हणून काही जोडा म्हटलं तेव्हा दादांनी हाताने लिहून दिलेला कामाचा अंदाज जोडला, त्यावर तारीख होती, तेवढं पुरलं. घराचे फोटो मी ऑफिसमधल्या कोणालाच पाठवले नाहीत, सरांना छताचा एक सोडून.

काकूंच्या छताचा रंग अजून व्हायचाय. मिस्त्री म्हणाले डाग वरून वाळलेला दिसला तरी स्लॅब आतून ओला असतो, घाईने रंग मारला तर फुगून सुटेल, काही आठवडे जाऊ द्या. तोपर्यंत मी दर रविवारी खाली जाऊन हात लावून येते. रंगाच्या दिवशी मी पूर्ण दिवस रजाच टाकणार आहे, काकूंच्या घरातलं सामान हलवायला लागेल, त्यांच्याबरोबर कोणीतरी हवं, आणि तो दिवस घरून काम म्हणून मागायचं काही कारण नाही.